पाण्याबरोबर रक्तही पाठवा
(सांगली येथे डॉक्टर आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उपस्थित डॉक्टर मंडळी आणि प्रयोगशाळेतील सहकाऱ्यांनो,

छातीत साचलेले पाणी ट्रान्स्युडेट की एक्झ्युडेट, हे जैवरासायनिक तपासणीने कसे ठरवावे, असा विषय मला दिलेला आहे. लाइटचे निकष आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केलेले आहेत, त्यामुळे ते सांगायला फार वेळ लागणार नाही. त्याआधी ज्या गोष्टीमुळे हे निकष आपल्याकडे अनेकदा वापरताच येत नाहीत, ती मला सविस्तर मांडायची आहे. ती गोष्ट म्हणजे पाण्याच्या बाटलीबरोबर रक्ताचा नमुना येत नाही.

जत, आटपाडी, कवठेमहांकाळ अशा ठिकाणांहून नमुना निघतो. बाटलीवर रुग्णाचे नाव असते, आणि अर्जावर प्रथिने, साखर, एलडीएच, एडीए, पेशींची मोजणी असे सारे लिहिलेले असते. रक्त मात्र नसते. दूरध्वनी केला की उत्तर मिळते, ‘रक्ताचे रिपोर्ट मागच्या आठवड्यात झाले आहेत, ते घ्या.’ मागच्या आठवड्यात रुग्णाची अवस्था वेगळी होती, आणि बहुधा ती तपासणी दुसऱ्या प्रयोगशाळेत झालेली असते. शिवाय त्या अहवालात एलडीएच क्वचितच असते. अशा वेळी आम्ही पाण्यातील प्रथिनांचा आकडा कळवतो, तो तीनच्या वर आहे की खाली एवढे पाहून वाचणारा निष्कर्ष काढतो, आणि निदान एका आकड्यावर उभे राहते.

तीन ग्रॅमची ही रेषा जुनी आहे, आणि ती अपुरी पडते हे माहीत असल्यामुळेच गुणोत्तरे आली. फुप्फुसावरणातील प्रथिने बहुतांशी रक्तातूनच येतात. आवरण निरोगी असेल आणि केवळ दाब वाढल्याने किंवा रक्तातील अल्ब्युमिन घटल्याने पाणी झिरपत असेल, तर प्रथिने मागे राहतात. आवरणाला सूज आली की केशवाहिन्या गळू लागतात आणि प्रथिने पाण्याबरोबर बाहेर पडतात. म्हणून पाण्यातील प्रथिने किती हा प्रश्न अर्धाच आहे. रक्तात जेवढी आहेत त्यातील किती हिस्सा बाहेर आला, हा पूर्ण प्रश्न आहे. कुपोषित रुग्णाच्या सीरममध्ये ५.० ग्रॅम आणि पाण्यात २.८ ग्रॅम प्रति डेसिलिटर प्रथिने असतील, तर जुन्या रेषेने ते ट्रान्स्युडेट ठरते. गुणोत्तर मात्र ०.५६ येते, म्हणजे ते एक्झ्युडेट आहे, आणि अशा रुग्णात क्षयाची शंका घेणे भाग असते. छेदातील आकडाच नसेल तर ही चूक कोणाच्याही लक्षात येणार नाही.

एलडीएचच्या बाबतीत रक्ताची गरज आणखी ठळक होते. १९७२ साली लाइट आणि सहकाऱ्यांनी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून आपले निकष प्रसिद्ध केले, तेव्हा पाण्यातील एलडीएचसाठी २०० ही मर्यादा दिली होती. पुढे तिच्या जागी सीरमच्या सामान्य कमाल मर्यादेचे दोन-तृतीयांश असे ठरले, आणि त्याला ठोस कारण आहे. एलडीएच मोजण्याच्या दोन पद्धती आहेत : एकीत लॅक्टेटपासून पायरुव्हेट बनते, तर दुसरीत पायरुव्हेटपासून लॅक्टेट. दुसरीचे आकडे पहिलीच्या साधारण दुप्पट येतात. एका प्रयोगशाळेची कमाल मर्यादा २२५ युनिट असते, तर शेजारच्या प्रयोगशाळेची ४५० असू शकते. म्हणून पाण्याचे एलडीएच एका ठिकाणी आणि सीरमचे दुसऱ्या ठिकाणी करून काढलेले गुणोत्तर निरर्थक असते, आणि पुस्तकातला २०० हा आकडा तर कोठेही लावता येत नाही. आपल्या अहवालावर छापलेली कमाल मर्यादा घ्यावी आणि तिचे दोन-तृतीयांश काढावे.

येथे नमुन्याच्या वाहतुकीविषयी बोलणे आवश्यक आहे. एलडीएचचे काही प्रकार थंडीत टिकत नाहीत. बर्फाच्या डब्यातून आलेल्या किंवा रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेल्या नमुन्यात ते घटते, प्रथिने मात्र तशीच राहतात. म्हणून एलडीएचचा नमुना खोलीच्या तापमानाला आणि त्याच दिवशी पोहोचवावा. साखरेसाठी वापरतो ती फ्लोराइड-ऑक्झलेटची नळी एलडीएचला चालत नाही, कारण ऑक्झलेट त्याच विकराला अडवते. सीरम लालसर दिसत असेल तर रक्त पुन्हा घ्यावे. फुटलेल्या तांबड्या पेशींमधून एलडीएच सुटते, छेद फुगतो, गुणोत्तर खाली येते आणि खरे एक्झ्युडेट ट्रान्स्युडेट वाटू लागते. रक्तमिश्रित पाण्यात याच्या उलट होते. नमुन्याचा रंग अहवालात लिहिणे, ही तंत्रज्ञांनी डॉक्टरांना केलेली मोठी मदत आहे.

वेळ संपत आल्याची खूण झाली आहे, म्हणून आता मूळ विषयाकडे वळतो. निकष तीन आहेत. पाणी आणि सीरम यांच्या प्रथिनांचे गुणोत्तर ०.५ पेक्षा जास्त, एलडीएचचे गुणोत्तर ०.६ पेक्षा जास्त, किंवा पाण्यातील एलडीएच सीरमच्या कमाल मर्यादेच्या दोन-तृतीयांशांहून जास्त. यांपैकी एक जरी पूर्ण झाला तरी ते एक्झ्युडेट. एकच पुरेसा असल्यामुळे खरे एक्झ्युडेट क्वचितच निसटते, पण त्याची किंमत ट्रान्स्युडेटला मोजावी लागते. दर चार-पाच ट्रान्स्युडेटपैकी साधारण एक चुकीने एक्झ्युडेट ठरते, आणि बहुधा ते लघवी वाढवणारे औषध चालू असलेल्या रुग्णाचे असते.

एक उदाहरण घेऊ. तासगाव भागातील साठीच्या पुढची बाई, हृदय कमजोर, काही दिवस फ्युरोसेमाइड चालू, उजवीकडे पाणी. सीरमची प्रथिने ६.८, पाण्याची ३.६, गुणोत्तर ०.५३. एलडीएच सीरममध्ये २२४ आणि पाण्यात १२१, म्हणजे गुणोत्तर ०.५४, कमाल मर्यादा २२५ असल्याने तिचे दोन-तृतीयांश १५०. तीनपैकी एकच निकष पूर्ण होतो, तोही थोडक्यात, आणि कागदावर एक्झ्युडेट लिहावे लागते. औषधाने पाणी शोषले जाते, पण प्रथिने तेवढ्या वेगाने निघून जात नाहीत आणि उरलेले पाणी दाट होते. अशा वेळी भागाकार बाजूला ठेवून वजाबाकी करावी. सीरममधून पाण्याची प्रथिने वजा केली तर फरक ३.२ येतो, आणि ३.१ पेक्षा जास्त फरक ट्रान्स्युडेटकडे बोट दाखवतो. अल्ब्युमिन सीरममध्ये ३.५ आणि पाण्यात २.१ असेल तर फरक १.४, तेथे मर्यादा १.२ ची आहे. दोन्ही वजाबाक्या हृदयाकडेच नेतात, आणि एडीए कमी असेल तर क्षयाची औषधे सुरू करण्यास आधार उरत नाही.

ही वजाबाकी मात्र सरसकट प्रत्येक नमुन्याला लावू नये. ती एकटी वापरली तर काही खरी एक्झ्युडेट, अगदी कर्करोगाची सुद्धा, सुटतात. आधी लाइटचे निकष लावावेत. एक्झ्युडेट थोडक्यात ठरत असेल आणि डॉक्टरांना हृदयविकाराची दाट शंका असेल, तरच वजाबाकीकडे जावे. ती शंका आणि चालू असलेल्या औषधांची नावे नमुन्याच्या अर्जावर लिहिलेली असावीत, म्हणजे आम्हाला त्याच दिवशी, त्याच सीरमवर अल्ब्युमिनही करता येईल.