वही बँकेची, पान तुमचं

(पडद्यावर स्टेटमेंटचं एक पान. कॅमेरा वरच्या मथळ्यांवरून सरकतो.)

तारीख, तपशील, डेबिट, क्रेडिट, शिल्लक. पहिले दोन रकाने कुणालाही कळतात. शेवटचाही कळतो, खरं तर आपण आधी तोच बघतो. घोडं अडतं ते मधल्या दोघांपाशी.

डेबिट म्हणजे गेले, क्रेडिट म्हणजे आले, असं कुणीतरी सांगून टाकतं. तेवढ्यावर बऱ्याचदा भागतंही. पण ज्याने हिशेबाचं पुस्तक उघडलंय तो नेमका इथे बुचकळ्यात पडतो. कारण पुस्तक म्हणतं, रोकड आली की रोकड खातं डेबिट करा. आणि बँक तर पैसे आले की क्रेडिट लिहिते! मग चुकतंय कोण?

कुणीच नाही. आधी विचारायला हवं की ही वही कुणाची.

(दोन हात. एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती नोटा. दुसरा वहीत काहीतरी लिहितो.)

समजा, तुम्ही एका मित्राकडे काही रक्कम सांभाळायला दिलीत. मित्र हिशेबाचा पक्का. त्याने वहीत तुमच्या नावाचं पान उघडलं आणि लिहिलं, ‘याचे माझ्याकडे इतके आले.’ आता ही रक्कम त्याच्या खिशात असली तरी त्याची नाही. ती त्याला परत द्यायची आहे. तुम्ही त्यातले थोडे मागून घेतलेत की तो लिहिणार, ‘याला इतके दिले.’ त्याचं देणं तेवढं कमी झालं.

स्टेटमेंट हे असंच बँकेच्या वहीतलं तुमच्या नावाचं पान. तुम्ही ठेवलेले पैसे म्हणजे बँकेचं तुम्हाला असलेलं देणं. ते देणं वाढलं की क्रेडिट, घटलं की डेबिट. तुम्ही घरी स्वतःची वही ठेवलीत, तर त्यात हेच व्यवहार आरशातल्यासारखे उलटे दिसतील. बँकेतले पैसे तुमच्या दृष्टीने येणं आहे, म्हणून ते वाढले की तुमच्या वहीत डेबिट.

आपल्याकडचे जुने शब्द इथे फार उपयोगी पडतात. क्रेडिट म्हणजे जमा आणि डेबिट म्हणजे नावे. तुम्ही आणून दिलं ते तुमच्या खात्यात जमा, तुम्ही उचललं ते तुमच्या नावे टाकलं. या दोन शब्दांत वही लिहिणारा समोरचा माणूस आहे हे आपोआप कळतं. इंग्रजी शब्दांत तो हरवतो.

(पुन्हा स्टेटमेंट. आता एकेक ओळ उजळत जाते.)

आता एक पान वाचून बघू. चलन कोणतंही धरा.

महिन्याच्या सुरुवातीला शिल्लक १२,४००. तीन तारखेला ८,००० चा चेक भरला, क्रेडिटच्या रकान्यात ८,००० आले आणि शिल्लक झाली २०,४००. पाच तारखेला एटीएममधून ५,००० काढले. डेबिट ५,०००, शिल्लक १५,४००. इथवर सगळं सरळ आहे.

सात तारखेच्या ओळीला मात्र पहिल्यांदा वाचणारा दचकतो. डेबिट ८,०००! आपण तर काहीच खर्च केला नाही. तपशिलाच्या रकान्यात बघा. तिथे चेक परत आल्याची नोंद असेल, बहुधा चेकचा नंबरही असेल. ज्याने चेक दिला होता त्याच्या खात्यात पुरेसे पैसे नव्हते, म्हणून बँकेने तीन तारखेची नोंद फिरवली.

ती फिरवली म्हणजे खोडली नाही. हिशेबाच्या वहीत खाडाखोड करत नाहीत, चुकलेल्या किंवा फिरलेल्या नोंदीसमोर तेवढ्याच रकमेची उलटी नोंद करतात. म्हणून तीन तारखेचे ८,००० जमेच्या बाजूला तसेच दिसत राहतात आणि सात तारखेला ८,००० नावे पडतात. जोडी लावून वाचलं की दोन्ही मिळून शून्य. शिल्लक ७,४००. त्याखाली डेबिट १५०, हे चेक परत आल्याचं शुल्क. शिल्लक ७,२५०. या १५० ला मात्र जोडीदार नाही, ते खरोखरच गेले.

एटीएमने पैसे दिलेच नाहीत पण खात्यातून वजा झाले, तरी हीच जोडी दिसते, फक्त क्रम उलटा. आधी डेबिट, आणि मग बँकेने रक्कम परत केली की तेवढंच क्रेडिट. डेबिट दिसतंय आणि त्याचा जोडीदार येत नाही, तर ती ओळ दाखवून बँकेकडे विचारणा करायची.

(शिल्लक रकान्यावर कॅमेरा थांबतो.)

आठ तारखेला कर्जाचा हप्ता आपोआप कापला गेला. डेबिट ९,०००. पण खात्यात होते ७,२५०! काही खात्यांत बँक इथे थेट नकार देते आणि हप्ता चुकतो. या खात्यावर मात्र ओव्हरड्राफ्टची सोय आहे, म्हणून बँकेने कमी पडलेले पैसे स्वतःचे घातले. शिल्लक दिसते १,७५० आणि तिच्यापुढे बारीक अक्षरं, Dr. अशी अक्षरं नजरेतून सहज निसटतात, आणि माणूस १,७५० शिल्लक आहेत असं समजून निवांत बसतो. Cr असतं, तर बँक तुमचं देणं लागते. इथे Dr आहे, म्हणजे तुम्ही बँकेचं देणं लागता. काही बँका अक्षरांऐवजी वजाबाकीचं चिन्ह छापतात.

दहा तारखेला पगाराचे ३०,००० जमा. आधी त्यातून १,७५० चं देणं फिटलं, उरलेली शिल्लक २८,२५०.

(खालची बेरजांची ओळ.)

पानाच्या तळाशी दोन बेरजा असतात. जमा ३८,०००, नावे २२,१५०. सुरुवातीच्या १२,४०० मध्ये जमा मिळवा, नावे वजा करा, २८,२५० यायलाच हवेत. आले. पण या महिन्यात ३८,००० मिळाले असं कुणी म्हटलं तर ते खोटं. परतलेल्या चेकचे ८,००० दोन्ही बेरजांत फुगवटा आणून गेलेत. खरी आवक ३०,०००, खात्यातून खरोखर गेले १४,१५०. त्यातलेही ५,००० कदाचित अजून तुमच्या पाकिटातच असतील, बँकेला ते कुठून दिसणार!

(दुसरा कागद समोर येतो.)

हे कर्जखात्याचं स्टेटमेंट. तोच ९,००० चा हप्ता इथे क्रेडिटच्या रकान्यात बसलाय. बचत खात्यातून गेला म्हणून तिथे नावे, कर्जखात्यात पोचला म्हणून इथे जमा. व्याज मात्र इथे डेबिटला, कारण ते तुमच्या नावे चढतं. आणि शिल्लक Dr, ती शून्यावर यावी म्हणूनच तर हप्ते भरायचे. क्रेडिट कार्डाचंही असंच. खरेदी डेबिटला, तुम्ही भरलेलं बिल क्रेडिटला. कार्डाच्या नावातल्या ‘क्रेडिट’चा अर्थ उधारी, रकान्यातल्या क्रेडिटशी त्याची गल्लत करू नका. कार्डाच्या स्टेटमेंटवर शिल्लक Cr दिसली, तर तुम्ही बिलापेक्षा जास्त भरलंय, किंवा परत केलेल्या वस्तूचे पैसे आलेत.