मित्राला पैशांसाठी नकार कळवताना

श्रोतेहो, नमस्कार.

जुन्या मित्राचा ईमेल येतो. व्यवसायात पैसे अडकले आहेत, चार महिन्यांत परत करीन, तेवढी नड भागव, असा त्याचा मजकूर असतो. पैसे द्यायचे नाहीत हे तुमचे मनाशी ठरलेले आहे आणि मैत्री तोडण्याचीही इच्छा नाही. अशा वेळी उत्तर कसे लिहावे, एवढ्यापुरतेच आज बोलायचे आहे.

उत्तर लिहिण्यापूर्वी तो ईमेल खरोखर मित्राचाच आहे ना, हे पाहून घ्यावे. दुसऱ्याचे ईमेल खाते बळकावून त्याच्या ओळखीच्या लोकांकडे पैसे मागण्याचा प्रकार जुना आहे. त्यात बहुधा आत्यंतिक घाई असते, फोन करू नकोस अशी सूचना असते आणि पैसे भलत्याच नावाच्या खात्यात पाठवायला सांगितलेले असते. शंका आली, तर ईमेलमध्ये दिलेल्या नव्हे, तर आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करून विचारावे.

मागणी खरी असेल, तर पहिला मसुदा बहुतेकांच्या हातून साधारण असा उतरतो: “तुझा ईमेल वाचून फार वाईट वाटले. पण या महिन्यात जरा ओढाताण आहे, घराचे कामही काढले आहे. बघतो, काही जमले तर कळवतो.” वाचायला हे मऊ वाटते, पण यात नकार कोठेच नाही. ‘या महिन्यात’ म्हटले की मित्र पुढच्या महिन्याची वाट पाहणार, आणि घराच्या कामाचे कारण दिले की ‘मग निम्मे तरी दे’ असे तो साहजिकच म्हणणार. कारण जितके तपशीलवार, तितकी त्यावर तोड सुचवायला जागा अधिक. शिवाय ते रचलेले असेल, तर कधी ना कधी उघडे पडते, आणि मग मित्राला पैसे न मिळाल्यापेक्षा आपल्याशी खोटे बोलल्याचेच अधिक लागते. माझ्या मते सर्वांत निर्दय शब्द मात्र ‘बघतो’ हा आहे. त्याच्या भरवशावर मित्र दुसरीकडे विचारायचे थांबतो आणि नड असताना त्याचे दिवस वाया जातात.

म्हणून नकार पहिल्या दोन-तीन वाक्यांतच यावा आणि कारण परिस्थितीचे नव्हे, तर आपल्या धोरणाचे असावे. तोच मजकूर असा लिहिता येईल: “तुझा ईमेल मिळाला. हे लिहिणे तुला सोपे गेले नसेल, याची मला कल्पना आहे. मी तुला पैसे देऊ शकणार नाही. मित्र आणि नातेवाईक यांच्याशी पैशांची देवघेव करायची नाही, असे मी ठरवले आहे आणि ते सर्वांच्या बाबतीत पाळतो. तुला दुसरीकडे लवकर विचारता यावे, म्हणून लगेच कळवतो आहे.” अर्थात, हे धोरण तुम्ही खरोखर पाळत असाल तरच ते वाक्य लिहावे. गेल्याच वर्षी दुसऱ्या मित्राला उसने दिले असतील आणि ते याच्या कानावर असेल, तर ‘मी पैसे देणार नाही, हा माझा विचार पक्का आहे’ एवढेच लिहिणे बरे. पुन्हा पुन्हा क्षमा मागू नये, कारण मग तुमचेच सांत्वन करण्याची पाळी त्याच्यावर येते. त्याचा खर्च कोठे चुकला, याची चिकित्साही या पत्रात करू नये.

त्यानंतर जमेल ती दुसरी मदत नेमकी लिहावी. ‘काहीही लागले तर सांग’ हे पोकळ वाटते. ‘ज्यांच्याकडून तुझे येणे आहे त्यांना पाठवायचे पत्र शनिवारी बसून लिहू’ हे खरे वाटते. जामीन राहण्याची तयारी मात्र मदत म्हणून सहज दाखवू नये. कर्ज थकले की सावकार किंवा बँक जामीनदाराकडेही वसुलीला येते; जे पैसे आज द्यायचे नव्हते, तेच मग व्याजासह भरावे लागतात.

उत्तर एक-दोन दिवसांत जावे आणि फक्त त्यालाच जावे. त्याने आणखी कोणाला प्रत पाठवली असेल, तर ती नावे काढून टाकावीत. पुढे आठवडाभरात एखाद्या नेहमीच्या विषयावर आपण होऊन फोन करावा, कारण नकार ऐकलेला माणूस संकोचाने स्वतः फोन करायचे टाळतो. त्या बोलण्यात पैशांचा विषय आपण काढू नये. त्याने पुन्हा मागितलेच, तर नवे कारण शोधू नये. पहिल्या पत्रातलेच वाक्य तितक्याच शांतपणे, पण अधिक थोडक्यात सांगावे आणि शनिवारी किती वाजता भेटायचे ते विचारावे.

नमस्कार.