पहिल्या फोनआधीची मिनिटं

समजा, रविवारी संध्याकाळी ७ वाजून ४२ मिनिटांनी हिंजवडीत भाड्यानं राहणाऱ्या एका जोडप्यानं टू-बीएचकेची जाहिरात बघून नाव-नंबर भरला. मोबाइल हातातच आहे, बजेटचं बोलणं चालू आहे. थोड्या वेळात ते आणखी दोन प्रकल्पांचे फॉर्म भरतील.

इकडे बिल्डरच्या सेल्स टीमकडे ही चौकशी, म्हणजे लीड, आधी शीटमध्ये पडते. टीम लीडर साइटवर गिऱ्हाइकांना सॅम्पल फ्लॅट दाखवतोय. सव्वानऊला तो नंबर व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. दुसऱ्या कुणीतरी घेतला असेल, असं प्रत्येकालाच वाटतं. सोमवारी १०.५६ला कुणीतरी तो सीआरएममध्ये, म्हणजे गिऱ्हाइकांच्या नोंदी ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, चढवतं आणि ११ वाजता पहिला फोन जातो.

गंमत म्हणजे रिपोर्टमध्ये ‘प्रतिसाद : ४ मिनिटं’ असं दिसतं, कारण घड्याळ सुरू झालं ते सीआरएममधल्या नोंदीपासून. खरा उशीर १५ तास १८ मिनिटांचा. म्हणून मोजायचं ते फॉर्म भरल्याच्या वेळेपासून पहिल्या डायलपर्यंत.

२०११ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये २,२४१ अमेरिकी कंपन्यांची पाहणी छापून आली. तासाभरात उत्तर देणाऱ्या ३७ टक्के, अजिबात न देणाऱ्या २३ टक्के. त्याच लेखातल्या दुसऱ्या एका अभ्यासात, तासाच्या आत फोन करणाऱ्यांचं निर्णय घेणाऱ्या माणसाशी नीट बोलणं होण्याची शक्यता, त्यानंतरच्या तासात करणाऱ्यांच्या जवळपास सातपट होती. हे सगळं श्रेय वेगाचंच असं नाही; चटकन फोन करणाऱ्या कंपन्यांची बाकीची घडीही बहुधा नीट असते.

वेळ वाचतो तो वाटपात. फॉर्म थेट सीआरएमला जोडायचा आणि लीड पाळीपाळीनं द्यायची, पण फक्त त्या क्षणी ‘उपलब्ध’ असलेल्यांनाच. साइट व्हिजिटवर असलेल्याचं नाव पाळीतून आपोआप गळलं पाहिजे. दोन मिनिटांत लीड स्वीकारली नाही तर पुढच्याकडे, तिथूनही हलली नाही तर टीम लीडरकडे. ‘जो आधी उचलेल त्याची’ ही पद्धत वेगवान वाटते, पण तीत चांगल्या बजेटच्या लीड पटापट जातात आणि उरलेल्या तशाच पडून राहतात.

वाटपाआधी नंबर जुन्या यादीशी ताडून बघायचा. तोच माणूस दुसऱ्या पोर्टलवरून आला असेल, तर लीड आधीच्याच कॉलरकडे जाते. नाहीतर एकाच घरी दोघांचे फोन जातात आणि दोघांचे भावही वेगळे.

अनोळखी नंबर बरेच जण उचलत नाहीत. फोनआधी प्रकल्पाचं नाव आणि आपलं नाव असलेला दोन ओळींचा मेसेज गेलेला बरा. गिऱ्हाइकाचा उलट फोन आला, तर तो त्याच कॉलरकडे वळला पाहिजे, ‘सेल्ससाठी एक दाबा’कडे नव्हे.

रविवारी संध्याकाळी पाळीत एकही माणूस नसेल, तर यातलं काहीच चालत नाही. चौकशा कोणत्या वारी, किती वाजता येतात ते महिनाभर बघायचं आणि साप्ताहिक सुट्ट्या त्यावरून ठरवायच्या.