हत्तीचं उठावदार चित्र

मघाशी प्रास्ताविकात सांगितलं गेलं, की दृष्टिबाधित मुलासाठी कोणत्या चाचण्या निवडायच्या हे मी सांगणार आहे. ते सांगतेच. पण आधी एका मुलीची गोष्ट सांगू द्या. ती बरीच वर्षं माझ्या मनातून गेलेली नाही.

मुलगी नऊ वर्षांची. जन्मतः मोतीबिंदू, ऑपरेशन उशिरा झालेलं, जाड चष्मा. बुबुळं सतत हलत राहायची. चांगल्या डोळ्याची दृष्टी 6/60, म्हणजे आपल्याला साठ मीटरवरून दिसतं ते तिला सहा मीटरवर यावं लागतं. आईच्या पिशवीत एक अहवाल होता: बुद्ध्यंक 58, सौम्य बौद्धिक अक्षमता. आई एवढंच म्हणाली, "मॅडम, ही घरात सगळ्यांचे फोन नंबर पाठ म्हणते. मग हे कसं?"

कागदांमध्ये उत्तरपत्रिकाही होती. दोनच चाचण्या झाल्या होत्या, लाकडी आकारांचा फॉर्म बोर्ड आणि रेवनची रंगीत मॅट्रिसेस. मॅट्रिसेसमध्ये छत्तीस कोडी असतात. प्रत्येकात वर एक नक्षी, तिचा एक तुकडा गायब, आणि खाली दोन ओळींत सहा पर्याय. डोळे मिटून बोट ठेवलं तरी सहा उत्तरं बरोबर येतात. हिची नऊ आली होती.

इथे थोडं थांबते, कारण ही खूण तुम्हालाही ओळखता येईल. एरवी मूल चुकतं ते कोडं अवघड होत जाईल तसं. हिने पहिली सोपी कोडी चुकवली होती आणि मधलंच एखादं अवघड बरोबर सोडवलं होतं. आणि छत्तीसपैकी पंचवीस वेळा तिचं बोट खालच्या ओळीत पडलं होतं. टेबलावर पुस्तक ठेवलं की तिला सगळ्यात जवळची ओळ तीच. जे दिसत होतं त्यातून तिने निवडलं. चुका अवघडपणाच्या मागे न जाता जागेच्या मागे जात असतील, तर आपण बुद्धी मोजलेली नाही, नजर मोजली आहे. फॉर्म बोर्डचं तर गुणांकनच घड्याळावर असतं. हाताने कडा चाचपून आकार ओळखणाऱ्या मुलाला तिथे सेकंद मोजून काय मिळणार?

पूर्ण अंध मुलाच्या बाबतीत ही चूक सहसा होत नाही, त्याच्यापुढे कोणी चित्रं ठेवत नाही. फसगत होते ती अंधुक दिसणाऱ्या मुलात. ते पानाकडे बघतं, बोट दाखवतं, आज्ञाधारकपणे शेवटपर्यंत जातं. परीक्षकाला वाटतं, चाचणी झाली.

यावर दोन उपाय नेहमी सुचवले जातात, आणि दोन्हींविषयी मला पोटतिडकीने बोलायचं आहे. एक म्हणजे चित्राचं वर्णन करून सांगायचं. "बघ, एक मुलगा छत्री घेऊन उभा आहे, पण छत्रीला दांडा नाही. काय राहिलं?" अहो, उत्तर तर आपणच दिलं! आणि नाही दिलं, तरी लांबलचक वर्णन लक्षात ठेवण्याची ती परीक्षा झाली.

दुसरा उपाय जास्त फसवा आहे, तो म्हणजे उठावदार चित्र. जाड कागदावर हत्तीची बाह्यरेषा उठवायची आणि मुलाचा हात तिच्यावरून फिरवायचा. हत्ती बाजूने कसा दिसतो, त्याचे चार पाय एका ओळीत कसे येतात, दूरची वस्तू लहान का काढायची, हे सगळे डोळ्यांचे संकेत आहेत. हाताला हत्ती तसा कधीच लागत नाही. उठावदार चित्र हेही चित्रच आहे. ते वाचायला मुलाला आधी शिकवावं लागतं. न शिकवता ते चाचणीत आणलं, तर आधीच्याच चुकीला आपण खडबडीत कागद चिकटवला, एवढंच.

मग या मुलीचं आम्ही काय केलं? पहिल्या दिवशी चाचणीच घेतली नाही. कुठे बसवल्यावर तिला बरं दिसतं ते पाहिलं. खिडकी समोर असली की ती डोळे मिटायची, पाठीमागे असली की चेहरा वर यायचा. दुसऱ्या दिवशी मलिनची मुलांसाठीची बुद्धिमापन श्रेणी घेतली, आपल्या नागपूरच्या डॉ. मलिन यांनी वेक्सलरवरून केलेली ती. तिचे शाब्दिक आणि कृतीचे भाग वेगळे आहेत, म्हणून ती इथे कामाची. शाब्दिक भागात माहिती, आकलन, अंकगणित, साम्य, शब्दसंग्रह आणि अंकस्मरण. कृतीच्या भागाला हात लावला नाही.

शाब्दिक बुद्ध्यंक 94 आला. अंकस्मरण सगळ्यात वर, फोन नंबरवरून आईने सांगितलंच होतं. आकलन मात्र खाली. चाचणीतले प्रश्न मी उघड करू शकत नाही, त्यामुळे तसाच एक घेते. रस्ता ओलांडताना आधी काय करशील? ती म्हणाली, "आई हात धरते." गुण शून्य. मी ते वाढवले नाहीत, नियमाप्रमाणे शून्यच दिलं, पण शेजारी तिचे शब्द लिहिले. तिला एकटीने रस्ता ओलांडू दिलेलं नाही, हे त्या उत्तरातून कळतं. समज कमी आहे, हे त्यातून कळत नाही.

याच्या उलट बाजूलाही खड्डा आहे. ही मुलं ऐकलेले शब्द सुरेख वापरतात, पण त्यामागची वस्तू कधी हाताला लागलेली नसते. म्हणून नुसत्या शब्दांवर थांबायचं नाही. मी स्वयंपाकघरातून वाटी, पळी, गाळणी, झारा, पेला, उलथनं आणलं आणि म्हटलं, याचे गट कर. वेळेचं बंधन नाही. तिने एकेक वस्तू दोन्ही हातांनी फिरवून पाहिली. पाणी राहतं ते एकीकडे, राहत नाही ते दुसरीकडे. गाळणी हातात धरून थांबली. मग म्हणाली, "यात पाणी नाही राहत, पण चहाची पत्ती राहते. हिला वेगळीच ठेवू का?" याचा आकडा होत नाही. पण 58च्या अहवालाला यापेक्षा नेमकं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

अध्यक्ष चिठ्ठी पाठवतायत, पाच मिनिटं उरली. निवडीचं भरभर सांगते.

बिने-कामत चाचणी आपल्याकडे सर्रास वापरतात, पण तिच्यात चित्रांचे प्रश्न वयागणिक मिसळलेले आहेत आणि मानसिक वय महिन्यांची बेरीज करून काढतात. चित्रं गाळली की बेरजेला भोक पडतं. म्हणून उपचाचण्या सुट्या असतील अशी श्रेणी घ्या. फक्त शाब्दिक भाग घेतला तर अहवालात 'शाब्दिक बुद्ध्यंक' असंच लिहा. त्याला पूर्ण बुद्ध्यंक म्हणू नका आणि कृतीच्या भागाचे गुण अंदाजाने भरू नका. अक्षर मोठं केलं, वेळ वाढवला, ब्रेल दिली, जे बदललं ते लिहा, कारण मानकं न बदललेल्या चाचणीची आहेत.

सामाजिक परिपक्वतेची वाइनलँड श्रेणी पालकांशी बोलून भरतात, त्यामुळे ती सोयीची वाटते. तिथे एकच विचारा: मूल हे करत नाही, की त्याला करू देत नाही? "स्वतः आंघोळ करते का?" यावर त्या आईने आधी "नाही" म्हटलं. मग म्हणाली, "मी बाहेर गेले होते तेव्हा एकदा केली होती. छान केली होती."