मामीचा अंगठा

नमस्कार श्रोतेहो.

माजलगाव तालुक्यातल्या एका खेड्यात माझी मामी राहते. वय सत्तरीच्या पुढं. सारा जन्म कापूस वेचण्यात गेला आणि हंगाम आला की कोयता घेऊन ऊसतोडीला. मागच्या दिवाळीआधी ती रेशनच्या दुकानात गेली, पॉस मशीनवर अंगठा ठेवला आणि मशीननं नकार दिला. पदराला पुसून पुन्हा ठेवला, पुन्हा नकार. पाच-सहा वेळा झालं तशी मामी कावली. "आरं, मी कोन हाय तुला ठावं न्हाई का?" दुकानदार बिचारा म्हणाला, "मला ठावं हाय ओ काकू, मशीनला ठावं न्हाई."

घरी आल्यावर तिनं मला फोन लावला, कारण बोटांचे ठसे तपासण्यातच माझी सगळी नोकरी गेली. तिचा प्रश्न साधा होता. "माझा आंगठा बदलला का रं?"

दोन दिवसांनी मी शाई, काचेचा तुकडा, रबरी रोलर आणि भिंग घेऊन तिच्या दारात हजर झालो. मामीच्या पत्र्याच्या पेटीत शेताचं १९८७ सालचं खरेदीखत होतं. त्यावर तिच्या नावाशेजारी निळसर काळा ठसा आणि खाली लेखनिकानं लिहिलेली ती ओळखीची अक्षरं, 'नि. डा. हा. अं.', म्हणजे निशाणी डाव्या हाताचा अंगठा. तुमच्याही घरातल्या जुन्या कागदांवर ती सापडतील. मी मामीचा डावा अंगठा शाईवरून फिरवून नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत कागदावर लोळवला आणि दोन्ही ठसे शेजारी ठेवून भिंगाला डोळा लावला.

पहिल्यांदा ठेवण बघायची. लहानपणी आपण एकमेकांची बोटं धरून शंख किती, चक्रं किती मोजायचो, तीच ही ठेवण. एका बाजूनं येऊन वळसा घेऊन त्याच बाजूला परत जाणाऱ्या रेघा म्हणजे शंख, गोल गोल फिरणाऱ्या म्हणजे चक्र आणि नुसती कमान करून पलीकडं जाणाऱ्या म्हणजे कमान. जगातल्या बोटांपैकी साठ टक्क्यांच्या वर शंखच असतात, कमान क्वचित. मामीचा दोन्ही कागदांवर शंख. पण एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही. एकीकडं शंख आणि दुसरीकडं चक्र असतं तर मात्र काम तिथंच संपलं असतं.

शंखाच्या वळणात मधोमध गाभा असतो आणि बाजूला जिथं तीन दिशांच्या रेघा येऊन मिळतात तो तिठा. गाभ्यापासून तिठ्यापर्यंत सरळ रेघ कल्पून ती किती कंगोरे, म्हणजे कातडीच्या उंच रेघा, ओलांडते ते मोजायचं. जुन्या ठशात चौदा, नव्यातही चौदा. हेही हजारो लोकांचं जुळू शकतं.

खरी ओळख त्यापुढं आहे. बोटावरचा कंगोरा सलग जात नाही. कुठं तो फाटून दोन होतो, कुठं अचानक थांबतो, कुठं नुसता बारीक तुकडा असतो. मामीच्या गाभ्याखाली उजवीकडं एक फाटा. तिथून तीन कंगोरे ओलांडले की एक कंगोरा तुटलेला, त्याचं तोंड वरच्या अंगाला. त्याच्यावर दोन कंगोरे सोडून एक आखूड तुकडा. खूण कोणती, तिचं तोंड कुठं आणि दोन खुणांमध्ये कंगोरे किती, या तिन्ही गोष्टी एकदम जुळाव्या लागतात. बारा खुणा जुळल्यावर मी भिंग खाली ठेवलं.

एक गोष्ट मात्र जुळत नव्हती. नव्या ठशावर वरून तिरपी पांढरी रेघ गेली होती, जुन्यावर ती नव्हती. ठसे तपासणाऱ्याची कसोटी इथं लागते, कारण ज्याचं कारण सांगता येत नाही असा एकच फरक बारा खुणांवर भारी पडतो. मी मामीला विचारलं, तर ती म्हणाली, "कोयता लागला व्हता, पोरगं पोटात व्हतं तव्हा." जखमेच्या दोन्ही अंगांचे कंगोरे ओळीत होते, फक्त थोडे सरकलेले. फरकाचं कारण मिळालं. आणि ती जखमेची रेघ आता स्वतःच मामीची एक ओळख होऊन बसली आहे.

मग हातानं इतकं झिजवूनही ठेवण टिकते कशी? आपल्याला दिसते ती कातडी वरची पापुद्री. कंगोऱ्यांचा साचा तिच्या खाली, बाह्यत्वचा आणि आतली त्वचा जिथं एकमेकींत गुंतलेल्या असतात तिथं आहे. वरचं घासून गेलं तरी साधारण महिन्याभरात खालून नवी कातडी त्याच साच्यातून वर येते. कोयता साच्यापर्यंत पोचला म्हणून वण राहिला. बोंडाच्या टोकदार काट्यांनी आणि उसाच्या पाचटानं गेलं ते वरचंच. हे टिकणं पहिल्यांदा नीट नोंदवलं गेलं ते आपल्याच देशात. विल्यम हर्शेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला राज्यधर कोनाई या कंत्राटदाराकडून करारावर हाताचा पंजा उमटवून घेतला, पुढं मुकरता येऊ नये म्हणून. मग त्याला नादच लागला. त्यानं स्वतःचे ठसे पुढं पन्नासहून अधिक वर्षं अधूनमधून घेतले आणि ठेवण तीच राहिल्याचं दाखवून दिलं.

आता तो साचा पडतो कधी? आईच्या पोटात. दहाव्या-अकराव्या आठवड्याच्या सुमाराला बाळाच्या बोटाच्या टोकावर छोटा फुगवटा असतो आणि त्यावर कंगोरे उठायला लागतात. ते एकदम सगळीकडं उठत नाहीत. शेतात तीन बाजूंनी तीन नांगर धरावेत तसं होतं. एक फुगवट्याच्या मध्यापासून निघतो, एक नखाखालून, एक पेराच्या घडीपासून. प्रत्येकाची तासं पुढं सरकत जातात आणि जिथं ती एकमेकांना भिडतात तिथं तिठा तयार होतो. फुगवटा उंच असेल तर बहुधा चक्र पडतं, बसका असेल तर कमान, एका अंगाला कललेला असेल तर शंख. फुगवटा कसा असावा यात आईबापांकडून आलेल्या गुणांचा वाटा आहे, म्हणून एका घरात एकसारखी चक्रं दिसतात.

पण कुठला कंगोरा कुठं फाटेल, हे कुठल्याही गुणसूत्रात लिहिलेलं नसतं. नांगरताना ढेकूळ आडवं आलं की तास वाकतं, तसलीच ही गोष्ट. त्या क्षणी तिथली पेशी किंचित आधी वाढली, बोट किंचित वळलं, आजूबाजूचा दाब बदलला, की कंगोरा तिथं फुटतो किंवा थांबतो. एकाच बीजातून झालेल्या जुळ्या भावांचा शंखाला शंख जुळेल, पण फाटे आणि तुटलेली टोकं जुळणार नाहीत. इतकंच काय, तुमचा डावा अंगठा तुमच्याच उजव्यासारखा नाही. सतराव्या आठवड्याच्या आसपास हे काम आटोपतं आणि साचा कायमचा बसतो.

तर मामीचा अंगठा बदलला नव्हता. मशीनला तो दिसला नव्हता. काचेवर बोट टेकवायच्या बऱ्याच यंत्रांत आतून उजेड काचेवर पडून परत फिरतो. कंगोरा काचेला चिकटतो तिथून तो परत येत नाही, तिथं काळं दिसतं. दोन कंगोऱ्यांमधल्या खाचेत हवा असते, तिथं पांढरं. कातडी कोरडी पडली की कंगोरा नीट चिकटत नाही, रेघ तुटक दिसते आणि मशीनला जिथं नाही तिथं टोकं दिसतात. घामानं चिंब बोट ठेवलं तर उलट, खाचाही भरतात आणि सगळा काळा ठिपका होतो. म्हातारपणी कंगोरे बसके होतात, तेही एक आहेच.

मशीन चित्राला चित्र लावून बघत नाही. ते खुणांच्या जागा आणि तोंडं टिपतं, त्या आधार क्रमांकाच्या नोंदीतल्या खुणांशी ताडतं आणि गुण देतं. गुण ठरलेल्या रेषेच्या वर असतील तर हो, खाली असतील तर नाही. ती रेषा खाली आणली तर मामीला धान्य मिळेल, पण तिच्या नावावर दुसराही कोणी धान्य नेऊ शकेल. वर नेली तर लबाड अडकेल आणि त्याच्याबरोबर मामीसारख्या शंभर जणी अडकतील. दोन्ही चुका एकदम शून्य करणारी रेषा नसते. म्हणून "मशीननं नाही म्हटलं" याचा अर्थ "हा माणूस तो नाही" असा कुणी काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

उलटी चूकही होते, आणि ती जास्त भयंकर. २००४ साली स्पेनमध्ये माद्रिदच्या रेल्वेगाड्यांत बॉम्बस्फोट झाले. डिटोनेटर ठेवलेल्या एका प्लास्टिकच्या पिशवीवर बोटाचा अर्धवट ठसा सापडला. अमेरिकेच्या एफबीआयनं तो संगणकात घातला. संगणकानं जवळपास जुळणारी नावं पुढं काढली, त्यात अमेरिकेतल्याच ऑरेगन राज्यातल्या एका वकिलाचं नाव होतं. तिथल्या तज्ज्ञांनी ठसा त्याचाच म्हणून सांगितलं आणि त्याला दोन आठवडे कोठडीत ठेवलं. स्पॅनिश पोलिसांनी मात्र तो एका अल्जेरियन माणसाचा असल्याचं दाखवलं. चौकशीत कळलं, की तज्ज्ञ आधी वकिलाच्या स्वच्छ ठशात खूण बघत आणि मग ती त्या धूसर ठशात शोधत. शोधलं की सापडतंच! ठशाच्या वरच्या कोपऱ्यातला फरक मात्र 'दुसऱ्या स्पर्शाचा असेल' म्हणून त्यांनी सोडून दिला. मामीच्या वणाबाबत मी तिला विचारू शकलो. तिथं विचारायला कुणी नव्हतं, तरी कारण ठरवून टाकलं.

संपूर्ण बोट दुसऱ्या कुणासारखं आजवर आढळलेलं नाही. पण गुन्ह्याच्या जागी संपूर्ण बोट कुणी ठेवून जात नाही. तिथं सापडतो नखाएवढा, पुसलेला, ताणलेला तुकडा, आणि लहान तुकडे एकमेकांसारखे दिसू शकतात. खुणा कमी तेवढा निर्णय अवघड.

मामीचं पुढं काय झालं, ते सांगतो. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर मीही दुकानात गेलो. आधी ओल्या फडक्यानं तिचे हात पुसले आणि क्षणभर वाळू दिले, कारण कोरड्या कातडीला एवढा ओलावा पुरतो. मग अंगठ्याचा नाद सोडला. कोयत्याची मूठ धरताना अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सगळ्यात जास्त झिजतात, अनामिका त्या मानानं शाबूत राहते. आधारला दहाही बोटं दिलेली असतात, मग अंगठ्याचाच हट्ट कशाला? तिला डाव्या हाताची अनामिका काचेवर सपाट ठेवायला सांगितली, टोक न दाबता, पेराचा सगळा मांसल भाग टेकवून. मशीननं क्षणभर विचार केला आणि पावती बाहेर काढली. मामीनं बोट उलटंसुलटं करून बघितलं, म्हणाली, "इतक्या वर्सात ह्याला कुनी काही ईचारलंच न्हाई," आणि पिशवी उघडून तांदळाच्या मापाखाली धरली.