रिटायरमेंटचा मेल आणि ‘हक्काने फोन करा’ ही ओळ

नमस्कार मंडळी. शाळेत मास्तरांनी ज्यांची जन्मतारीख 1 जून लावून टाकली, ती सगळी पिढी 31 मेला रिटायर होते. त्यामुळे एप्रिल लागला की कमेंटमध्ये एकच मागणी, “ताई, निरोपाचा मेल कसा लिहायचा?” पीएफ आणि पेन्शनचे प्रश्न आज नकोत, त्यावर वेगळा व्हिडिओ आहे.

पटकन सांगते. मेल दोन लिहायचे. ऑफिसातल्यांना शेवटच्या आठवड्यात, क्लायंटना महिनाभर आधी. क्लायंटचे पत्ते ‘बीसीसी’मध्ये टाका, नाहीतर तुमची अख्खी ग्राहकयादी एकमेकांच्या हातात. ऑफिसच्या मेलमध्ये ‘सर्वांचे मनःपूर्वक आभार’ एवढ्यावर भागवू नका. डिस्पॅचवाल्याने रात्री गाडी थांबवून माल चढवला होता ना? मग तेच लिहा. आणि ड्रायव्हर, शिपाई मेल वाचत नाहीत, त्यांना जाऊन भेटा.

आता माझ्या डोक्यात जाणारी ओळ. क्लायंटच्या मेलमध्ये शेवटी हमखास असते, “माझा नंबर तोच आहे, काहीही लागलं तर हक्काने फोन करा.” अहो, नका लिहू!

मी खोक्यांच्या धंद्यात होते, म्हणजे कोरुगेटेड बॉक्स. आमचे सेल्सचे साहेब रिटायर झाले आणि त्यांनी ही ओळ लिहिली. त्यांचा एक जुना लोणचेवाला क्लायंट. कैरीच्या हंगामाआधी त्याची छापील खोकी आम्ही पीओ, म्हणजे लेखी ऑर्डर, न येताच बनवून गोदामात ठेवायचो. छापील खोकं दुसऱ्या कुणाला विकता येत नाही, म्हणजे जोखीम आमची. पण साहेबांचा शब्द होता, आणि तो कुठल्याच फाइलमध्ये नव्हता. साहेबांच्या जागी आलेल्या नवीन मुलाने नियमाने पीओ मागितला. क्लायंटने त्याला उत्तरच दिलं नाही, थेट साहेबांना फोन. साहेब म्हणाले, “होईल, काळजी नको.” तिकडे क्लायंट निर्धास्त, इकडे मशिनवर कामच लागलेलं नाही.

क्लायंटच्या बाजूने बघा. त्याला वाटतं आपलं काम सांगून झालं. ज्याला सांगितलं त्याच्या हातात आता भाव नाही, उधारी नाही, प्रॉडक्शनची तारीख नाही, हे त्याला कोण सांगणार?

नवीन मुलाच्या बाजूने बघा. तो कागदाचा भाव वाढला म्हणून दर वाढवायला गेला की समोरून ऐकतो, “साहेबांशी बोलतो मी.” त्याला ‘नाही’ म्हणायची सोयच उरत नाही.

आणि तुमच्या बाजूने? तुम्ही गावी अंगणात बसलेले, आणि फोनवर “पाच प्लायच्या खोक्याचा काय रेट चाललाय?” हसू नका, होतं असं. जुन्या माहितीवर तुम्ही आकडा बोलून जाता, आणि तो कंपनीचा आकडा नसतो.

मागच्या व्हिडिओखाली एका दादांनी लिहिलं, “ताई, वीस वर्षांचं नातं असं तोडायचं का?” तोडायला कोण सांगतंय! लग्नाला बोलवा, दिवाळीला फराळ पाठवा. मेलमध्ये असं लिहा:

“31 मे रोजी मी सेवानिवृत्त होत आहे. इतकी वर्षं तुम्ही विश्वासाने काम दिलंत, याबद्दल मनापासून आभारी आहे. 1 जूनपासून ऑर्डर, दर आणि पेमेंट यांचे निर्णय माझे सहकारी घेतील. पुढच्या आठवड्यात आम्ही दोघं तुमच्याकडे येतोय, तेव्हा आपल्यात तोंडी ठरलेल्या गोष्टी त्यांच्यासमोर एकदा बोलून घेऊ. त्यानंतर माझा फोन फक्त गप्पांसाठी!”

हा मेल मात्र फोन केल्यावरच पाठवायचा. जुन्या क्लायंटला बातमी मेलमधून कळली की तो दुखावतो. आणि भेटायला जाण्याआधी तोंडी शब्दांची यादी काढून मालकांना दाखवा. कुणाला पीओशिवाय माल, कुणाला जादा दिवसांची उधारी, कुणाची ऑर्डरपेक्षा थोडी जास्त खोकी आली तरी तो घेतो. यातलं पुढे काय चालू ठेवायचं ते मालक ठरवतील, तुम्ही परस्पर कबूल करू नका.

भेटीत क्लायंट प्रश्न विचारेल आणि सवयीने तुमच्याकडे बघेल. तिथे गप्प बसायचं. चहा प्या, पण उत्तर नवीन माणसाला देऊ द्या. तो अडखळला तरी.

एवढं करूनही जूनमध्ये फोन येणारच. तब्येत विचारा, पोरांचं विचारा. ऑर्डरचा विषय निघाला की “थांबा, त्याला लाइनवर घेतो” म्हणायचं, दोघांना जोडायचं आणि आपण गप्प बसायचं. क्लायंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधी नवीन माणसाला ॲडमिन करा, मग बाहेर पडा. एक गृहस्थ कुणालाच ॲडमिन न करता बाहेर पडले, आता त्या ग्रुपवर सकाळच्या फुलांचे फोटो टाकणारे एक मामाच आपोआप ॲडमिन झालेत आणि त्यांना काढायचं कुणी, यावर वाद चालू आहे.