सुरम्यापासून कोलेस्टेरॉलपर्यंत

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, इंग्रजीतल्या अरबी शब्दांची यादी केली तर संध्याकाळ त्यातच जाईल. मी फक्त तीन शब्द घेणार आहे, आणि खरं सांगायचं तर मला बोलायचंय ते तिसऱ्याबद्दल.

पहिला शब्द अल्जिब्रा. इसवी सन ८२० च्या सुमारास बगदादमध्ये अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाने एक पुस्तक लिहिलं. त्याच्या नावात दोन शब्द होते, ‘अल्-जब्र’ आणि ‘अल्-मुकाबला’. ‘जब्र’ म्हणजे जोर लावून ठिकाणावर आणणं. मोडलेलं हाड बसवतात तसं. ‘मुकाबला’ तर आपण जसाच्या तसा घेतला. गणितात या शब्दांचं काम काय होतं, ते त्याच्याच उदाहरणांवरून बघू.

त्याच्याकडे चिन्हं नव्हती, सगळं शब्दांत. अज्ञात संख्येला तो ‘मूळ’ म्हणतो आणि तिच्या वर्गाला ‘माल’. हाही आपल्या गोदामातलाच माल! एका ठिकाणी तो म्हणतो, एक माल म्हणजे चाळीस मुळांतून चार माल वजा. आजच्या भाषेत x² = ४०x − ४x². उजवी बाजू वजाबाकीने मोडलेली आहे, म्हणून दोन्हीकडे चार माल मिळवायचे. मग ५x² = ४०x, म्हणजेच x² = ८x. वजाबाकी गेली, बाजू सांधली गेली. हे जब्र.

दुसरीकडे ५० + x² = २९ + १०x असं समीकरण येतं. इथे वजा काहीच नाही, पण साध्या संख्या दोन्हीकडे आहेत. त्यांना समोरासमोर उभं करून २९ दोन्हीकडून काढले की उरतं २१ + x² = १०x. हा मुकाबला. पुढे उत्तरं निघतात ३ आणि ७.

म्हणजे मुळात अल्-जब्र हे एका पायरीचं नाव होतं. ११४५ साली स्पेनमधल्या सेगोव्हियात रॉबर्ट ऑफ चेस्टरने या पुस्तकाचं लॅटिन भाषांतर केलं. नावातला दुसरा शब्द पुढे युरोपात गळून पडला, आणि पायरीचं नाव अख्ख्या शास्त्राला चिकटलं. पण हाडांचा अर्थ मेला नव्हता. स्पॅनिशमध्ये ‘अल्जेब्रिस्ता’ म्हणजे हाडवैद्य, आणि ‘डॉन किहोते’ या कादंबरीच्या दुसऱ्या भागात असा एक अल्जेब्रिस्ता जखमी माणसावर उपचार करताना भेटतोही.

झीरोबद्दल थोडक्यात. आपल्या ‘शून्य’चं अरबीत ‘सिफ्र’ झालं, म्हणजे रिकामं. १२०२ साली फिबोनाची या इटालियन गणितज्ञाने त्याचं लॅटिन ‘झेफिरम’ केलं, आणि ते इटलीत झिजून ‘झीरो’ झालं. तोच सिफ्र दुसऱ्या वाटेने ‘सायफर’ झाला. इंग्रजीत सायफर म्हणजे आधी शून्य, मग कुठलाही अंक, मग अंकांनी लिहिलेली गुप्त लिपी.

आता अल्कोहोल. याचं मूळ ‘अल्-कुह्ल’, म्हणजे डोळ्यांत घालायचा सुरमा. अँटिमनीचं करडं, चकाकतं खनिज कुटून त्याची भुकटी करत. १६१५ साली जॉर्ज सँडिस या इंग्रज प्रवाशाचं वर्णन छापलं गेलं. पूर्वेकडच्या बायका पापणीच्या आत काळी पूड लावतात, ती फेझहून आणलेल्या खनिजाची असते आणि तिला ‘अल्कोहोल’ म्हणतात, असं त्यात आहे. दारूचा वासही नाही!

सुरमा डोळ्यात खुपता कामा नये, म्हणून तो अगदी वस्त्रगाळ लागतो. युरोपातल्या औषधं करणाऱ्यांनी नेमका तेवढाच गुण उचलला आणि कुठल्याही अतितलम पुडीला अल्कोहोल म्हणायला लागले. मग सोळाव्या शतकात पॅरासेल्सस नावाचा वैद्य आला. पदार्थातला जाडाभरडा भाग काढून टाकला की उरतं ते अल्कोहोल, ही कल्पना त्याने द्रवालाही लावली. द्राक्षाची दारू उकळून, वाफ थंड करून मिळणारा अर्क म्हणजे ‘अल्कोहोल व्हिनी’, दारूचं अल्कोहोल. हा अर्क युरोपात त्याआधी शेकडो वर्षं निघत होता, पण त्याला ‘जळतं पाणी’ किंवा ‘जीवनजल’ म्हणत. पुढे ‘दारूचं’ हे विशेषण बोलण्यात गळलं आणि नुसतं अल्कोहोल राहिलं.

हल्ली फोनवर एक संदेश फिरतो, की हा शब्द देह खाणाऱ्या ‘घूल’ नावाच्या भुतावरून आला. तसं असतं तर सुरुवातीच्या वापरात भूत नाही तरी दारू दिसायला हवी होती. दिसते ती पूड.

एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी या एका द्रवाचं नाव संयुगांच्या आख्ख्या कुळाला दिलं. कार्बनला ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी अमुक पद्धतीने लागलेली असली की ते अल्कोहोल, मग त्याने नशा येवो न येवो. नावाची खूण म्हणून शब्दाचं शेपूट, ‘ऑल’, वापरात आलं. मेंथॉलमध्ये ते आहे. ग्लिसरीनचं शास्त्रीय नाव ग्लिसरॉल, तिथेही आहे. पित्ताच्या खड्यात सापडलेल्या एका मेणचट पदार्थाला आधी कोलेस्टेरिन म्हणत. तोही याच कुळातला निघाला, म्हणून त्याचं कोलेस्टेरॉल झालं. आणि खुद्द अरबीने हा नवा अर्थ युरोपकडून परत घेतला. आज तिथे सुरम्याला ‘कुह्ल’ म्हणतात आणि अल्कोहोलला ‘कुहूल’.